व्हिनेगरचं टायट्रेशन: एकाच नमुन्याची तीन वेगळी रीडिंग का येतात?

फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे नाशिककडचा द्राक्षाचा हंगाम. दिंडोरी-निफाडच्या बागांतून जो माल एक्सपोर्टच्या पॅकिंगमध्ये बसत नाही, घडातून सुटलेले मणी, साखर चांगली पण दिसायला डावे घड, त्यातला काही व्हिनेगरकडे जातो. असं व्हिनेगर आमच्या सातपूरच्या छोट्या लॅबमध्ये तपासायला येतं. तपासणी साधीच असते: ॲसिटिक ॲसिड किती टक्के आहे ते कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करून काढायचं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किण्वनातून बनवलेल्या व्हिनेगरमध्ये 100 मिलीला किमान 3.75 ग्रॅम ॲसिटिक ॲसिड लागतं. त्यापेक्षा कमी निघालं की लॉट परत जातो.

एका हंगामात आमच्याकडे एकच तक्रार पुन्हापुन्हा यायला लागली. एकच बाटली, तिघांनी केलेलं टायट्रेशन आणि रीडिंग तीन: 15.4, 16.1 आणि 16.7 मिली. टक्केवारीत मांडलं तर 3.70, 3.87 आणि 4.01. म्हणजे एकाच्या हाती लॉट नापास आणि दुसऱ्याच्या हाती पास. व्हिनेगरवाल्याला काय सांगायचं? आधी आम्हाला वाटलं पिपेट नीट धरत नसतील. पिपेट बदलली, ब्युरेटची तोटी बदलली, तिघांना शेजारी उभं करून पुन्हा करायला लावलं. फरक तसाच राहिला. मी हे सविस्तर लिहितोय, कारण नंतर आणखी दोन-तीन ठिकाणी हुबेहूब हीच अडचण पाहिली आणि तिथेही आमच्यासारखंच हाताला दोष देऊन दिवस वाया घालवले होते.

आधी आमची पद्धत सांगतो, म्हणजे आकडे लागतील. 10 मिली व्हिनेगर 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये पाण्याने खुणेपर्यंत भरायचं. त्यातलं 25 मिली पिपेटने कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, म्हणजे मूळ व्हिनेगर 2.5 मिली झालं. ब्युरेटमध्ये 0.1 मोलर कॉस्टिक. हिशेब असा:

```
आम्लता % = V × M × 60.05 × 100 / (1000 × 2.5)
```

V म्हणजे ब्युरेटचं रीडिंग, M म्हणजे कॉस्टिकची मोलॅरिटी. 0.1 मोलरला एका मिलीमागे 0.24 टक्का पडतो. तिघांच्या रीडिंगमध्ये 1.3 मिलीचा फरक होता. थेंब साधारण 0.05 मिलीचा धरला तर हे 26 थेंब झाले. हाताची चूक एक-दोन थेंबांची असते, सव्वीस थेंबांची नसते. हे आम्ही पहिल्याच दिवशी मोजायला हवं होतं.

खरा धागा सापडला तो ट्रेनी मुलीच्या एका वाक्यात. मी विचारलं, "तू नक्की कुठे थांबतेस?" ती म्हणाली, "सर, नारिंगी पिवळ्यात जायला लागलं की. पण ते हळूहळूच जातं, नेमका थेंब कळत नाही." नारिंगी, पिवळं? व्हिनेगरच्या टायट्रेशनमध्ये हे रंग आले कुठून? टेबलावर बघितलं तर फिनॉल्फ्थॅलिनच्या जागी मिथिल रेडची बाटली. विचारल्यावर कळलं की फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग "टिकत नाही, उडून जातो" म्हणून कुणीतरी ते खराब झालंय असं ठरवलं होतं. शेजारीच मिथिल रेड होतं, अमोनियाच्या नमुन्यांसाठी ठेवलेलं. त्याचा पिवळा रंग काही केल्या उडत नव्हता, म्हणून तेच चालू झालं.

रंग टिकतो म्हणून इंडिकेटर चांगला, हा समज अगदी सहज होतो. पण या टायट्रेशनच्या वक्ररेषेवर नजर टाकली की कळतं, रंग जिथे आरामात टिकतो ती जागाच चुकीची आहे. ज्या नमुन्याचं खरं उत्तर 17.50 मिली आहे, त्यात कॉस्टिक घालत गेल्यावर सामू कसा चढतो ते खाली दिलंय. आकडे हिशेबाने काढलेले आहेत, ॲसिटिक ॲसिडचा पीकेए 4.76 धरून.

```
कॉस्टिक (मिली)    सामू
 0.00             2.96
 5.00             4.36
 8.75             4.76
12.00             5.10
15.00             5.54
16.50             5.98
17.00             6.29
17.40             7.0
17.45             7.3
17.50             8.7
17.55            10.1
18.00            11.1
```

मधला भाग नीट बघा. 5 मिलीपासून 15 मिलीपर्यंत तब्बल 10 मिली कॉस्टिक ओतलं आणि सामू जेमतेम 1.2 ने वाढला. हा बफरचा पट्टा. इथे फ्लास्कमध्ये न संपलेलं ॲसिटिक ॲसिडही असतं आणि तयार झालेलं ॲसिटेटही. कॉस्टिकचा थेंब पडला की ॲसिड त्याला गिळतं आणि ॲसिटेट होतं. सामू ठरतो तो या दोघांच्या गुणोत्तरावर, आणि दोन्ही भरपूर असताना एका थेंबाने गुणोत्तर फारसं हलत नाही. बरोबर अर्ध्यावर, 8.75 मिलीला, दोन्ही समसमान असतात आणि सामू पीकेएइतका, म्हणजे 4.76 येतो. पीएच मीटर असेल तर हा आकडा पडताळून बघण्याजोगा आहे.

आता शेवटचे आकडे बघा. 17.45 ते 17.55, म्हणजे दोन थेंब, आणि सामू 7.3 वरून 10.1 वर. ॲसिड संपत आलं की गिळायला कुणी उरत नाही, म्हणून ही उडी. जिथे ॲसिड नेमकं संपतं तो इक्विव्हॅलन्स पॉइंट 8.7 ला आहे, 7 ला नाही. कारण तेव्हा फ्लास्कमध्ये सोडियम ॲसिटेटचं पाणी असतं, आणि ॲसिटेट पाण्यातून थोडा हायड्रोजन ओढून घेतं, त्यामुळे द्रावण किंचित अल्कलीकडे झुकतं. "ॲसिड संपलं म्हणजे सामू 7" हे हायड्रोक्लोरिक ॲसिडसारख्या तीव्र ॲसिडला कॉस्टिकने टायट्रेट करताना खरं असतं, व्हिनेगरला नाही.

या तक्त्यावर मिथिल रेड ठेवून बघू. त्याचा रंग साधारण 4.4 ला लाल असतो आणि 6.2 ला पूर्ण पिवळा होतो. 4.4 आपल्या नमुन्यात येतो 5.3 मिलीला आणि 6.2 येतो 16.9 मिलीला. म्हणजे लालपासून पिवळ्यापर्यंतचा प्रवास साडेअकरा मिलीचा! त्यातला डोळ्याला "आता पिवळं झालं" वाटण्याचा भाग, सामू 5.5 ते 6.2, हाच एकटा दोन मिलीचा, म्हणजे चाळीस थेंबांचा. या चाळीस थेंबांत प्रत्येकाचा डोळा आपापल्या जागी थांबतो. आमच्या तिघांची रीडिंग सामूमध्ये बदलून पाहिली तर 5.6, 5.8 आणि 6.1 आली. तिघंही प्रामाणिकपणे पिवळ्यावरच थांबले होते. पण अगदी शेवटचा पिवळा गाठला असता तरी 16.9 मिलीच आले असते, 17.5 नाही. म्हणजे या इंडिकेटरने दोन चुका एकदम होतात: रीडिंग पसरतं आणि सगळंच्या सगळं खाली सरकतं. पसरलेली रीडिंग डोळ्यात भरतात. खाली सरकलेलं मात्र एकाच माणसाने रोज टायट्रेशन केलं तर कधीच कळत नाही, कारण त्याचा डोळा रोज एकाच जागी थांबतो आणि रीडिंग छान जुळतात. मला जास्त काळजी वाटते ती अशा जुळणाऱ्या, पण खोट्या रीडिंगांची.

मिथिल ऑरेंजने तर याहून वाईट होईल. ते 4.4 ला पिवळं होऊन मोकळं होतं, तेव्हा ॲसिडचा तिसरा हिस्साही संपलेला नसतो.

फिनॉल्फ्थॅलिन 8.2 च्या आसपास गुलाबी व्हायला लागतं आणि 10 ला पूर्ण गडद होतं. हा सगळा पट्टा त्या दोन थेंबांच्या उडीत मावतो, म्हणून रंग एका थेंबात येतो. थायमॉल ब्लू, 8.0 ते 9.6, हेही चालतं. पिवळ्याचं निळं होतं. ब्रोमोथायमॉल ब्लूबद्दल आम्हाला विचारलं जातं, कारण ते "न्यूट्रल"ला बदलतं. त्याचा हिरवा साधारण 6.8 ला असतो, तिथे रीडिंग 17.34 येईल आणि आम्लता 4.17. खरी 4.20. फरक मोठा नाही, पण जे नेमकं जागेवर बदलतं ते हाताशी असताना हे कशाला?

मिथिल रेडवर मात्र राग नको. अमोनियाला हायड्रोक्लोरिक ॲसिडने टायट्रेट करताना शेवटी अमोनियम क्लोराइड उरतं आणि इक्विव्हॅलन्स पॉइंट 5.3 च्या जवळ येतो. तिथे मिथिल रेड अगदी चपखल बसतं आणि फिनॉल्फ्थॅलिन फसतं. इंडिकेटर टायट्रेशनच्या शेवटी काय उरणार आहे त्यावर ठरतो, नमुना आम्ल आहे की अल्कली यावर नाही.

आता मूळ दुखण्याकडे, जिथून हे सगळं सुरू झालं: गुलाबी रंग का उडतो?

उडीच्या जागी फ्लास्कमध्ये बफर जवळपास नसतो. म्हणूनच एक थेंब कॉस्टिक सामूला एवढा वर नेतो. पण मग जरासं ॲसिडसुद्धा त्याला तितक्याच सहज खाली आणणार. फ्लास्क गरगर फिरवताना हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, तो हे जरासं ॲसिड. गुलाबी उडणं आणि एंड पॉइंट धारदार असणं ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. मिथिल रेडचा पिवळा टिकत होता कारण तो बफरच्या पट्ट्यात होता. तिथे चार थेंबांनीही काही हलत नाही, मग कार्बन डायऑक्साइड काय हलवणार!

तरीही किती वेळात उडतो याला महत्त्व आहे. फिकट गुलाबी अर्धा मिनिट टिकला की तो एंड पॉइंट. दोन मिनिटांनी उडाला तर उडू द्या, त्यामागे थेंब घालत बसू नका. पण चार-पाच सेकंदांत उडत असेल तर आधी फ्लास्कच्या गळ्यावर चिकटलेले थेंब वॉश बॉटलने खाली उतरवा आणि एक थेंब घालून बघा. त्या थेंबाने गुलाबी ठाम आला तर तुम्ही काठावरच होता. तीन-चार थेंबांनंतरही तोच खेळ चालू राहिला तर पाण्यावर संशय घ्या.

आमच्याकडे पाणीच निघालं. आम्ही आरओचं पाणी मोठ्या कॅनमध्ये भरून वापरत होतो. आरओची जाळी क्षार अडवते, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिच्यातून आरपार जातो. हे तपासायची रीत दोन मिनिटांची आहे: 50 मिली नुसतं पाणी घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा. आमच्या कॅनच्या पाण्याला तीन थेंब लागले आणि तिन्ही वेळा रंग विरत विरत गेला. तेच पाणी दहा मिनिटं उकळून, झाकून गार केल्यावर पहिल्याच थेंबाला गुलाबी आलं आणि टिकलं. तीन थेंब म्हणजे 0.15 मिली, म्हणजे 0.036 टक्का. उत्तरावर फारसा परिणाम नाही, पण माणसाचा इंडिकेटरवरचा विश्वास उडवायला एवढं पुरलं होतं.

दुसरा संशयित म्हणजे कॉस्टिकची बाटली. झाकणापाशी पांढरी पापडी धरली असेल तर ती कार्बोनेटची, म्हणजे बाटलीतल्या कॉस्टिकनेही हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतलाय. आम्ही कॉस्टिकची मोलॅरिटी पूर्वी हायड्रोक्लोरिक ॲसिडवर मिथिल ऑरेंजने काढायचो. मिथिल ऑरेंजसमोर कार्बोनेट पूर्ण ताकदीने मोजला जातो, फिनॉल्फ्थॅलिनसमोर अर्ध्याच. म्हणजे मोलॅरिटी एका मापाने काढायची आणि नमुना दुसऱ्या मापाने मोजायचा असं होत होतं, आणि त्यात व्हिनेगर उगाच जास्त दिसतं. आता आम्ही पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वाळवून घेतो. त्याचं 0.5106 ग्रॅम वजन पाण्यात विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनवर टायट्रेट केलं की 0.1000 मोलर कॉस्टिक बरोबर 25.00 मिली लागतं. तेही दुर्बल ॲसिडच आहे, इंडिकेटरही तोच, त्यामुळे डोळा आणि कार्बोनेट दोघांची चूक दोन्हीकडे सारखीच होते आणि बरीचशी कटते. दर आठवड्याला ताजा फॅक्टर काढतो. बाटलीच्या झाकणात सोडा लाइमची नळी बसवली आहे.

तुमच्याकडे अशी अडचण आली तर सगळ्यात आधी एकच गोष्ट मोजा: रंग बदलायला लागल्यापासून पुरता बदलेपर्यंत किती थेंब लागले. एक-दोन थेंब असतील तर इंडिकेटर जागेवर आहे, मग काचसामान आणि फॅक्टर बघा. अर्धा मिली किंवा जास्त लागत असेल तर तुम्ही बफरच्या पट्ट्यात उभे आहात आणि कितीही निगुतीने थेंब सोडले तरी रीडिंग जुळणार नाहीत. पीएच मीटर असेल तर 4, 7 आणि 9.2 च्या बफरवर लावून एकदा पूर्ण वक्ररेषा काढा. सुरुवातीला एकेक मिलीने, 17 च्या पुढे थेंबाथेंबाने. एक संध्याकाळ जाते, पण त्यानंतर कुणाला तोंडी समजावत बसावं लागत नाही. आमच्याकडे तो आलेख टायट्रेशनच्या टेबलामागे चिकटवलाय आणि त्यावर मिथिल रेडचा पट्टा नारिंगी, फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी पेनाने रंगवलाय.

एक अडचण फिनॉल्फ्थॅलिनही सोडवत नाही, ती काळ्या द्राक्षांच्या व्हिनेगरची. त्याचा लालसर रंग हाच मुळात इंडिकेटरसारखा वागतो. सामू वाढला की तो जांभळट, मग मळकट हिरवट होतो आणि त्यात फिकट गुलाबी हरवतो. थोडा रंग असेल तर कोनिकल फ्लास्कमध्ये आणखी 50-75 मिली उकळून गार केलेलं पाणी घाला, त्याने ॲसिडची एकूण मात्रा बदलत नाही. खाली पांढरी टाइल ठेवा आणि शेजारी तसाच पातळ केलेला, इंडिकेटर न घातलेला नमुना तुलनेला ठेवा. मात्र पातळ करण्यालाही मर्यादा आहे. जितकं पातळ तितकी उडी आखूड होत जाते. रंग गडदच असेल तर डोळ्याचा नाद सोडून पीएच मीटरवर 8.7 च्या आसपास थांबा. उडीच्या जागी सामू अर्ध्याने चुकला तरी रीडिंग एका थेंबापेक्षाही कमी हलतं.

वाइनची किंवा द्राक्षरसाची एकूण आम्लता काढणाऱ्यांनी मात्र हा 8.7 तसाच उचलू नये. तिथे टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन-दोन हायड्रोजन देणारी ॲसिडं असतात आणि थांबायचा सामू संकेताने ठरलेला आहे: अमेरिकी पद्धतीत 8.2, तर आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेच्या, म्हणजे ओआयव्हीच्या पद्धतीत 7.0. रिपोर्टवर कोणता धरला ते लिहिलं नाही तर दोन लॅबचे आकडे जुळणार नाहीत.

त्या तीन रीडिंगच्या बाटलीचं पुढे काय झालं तेही सांगतो. उरलेलं व्हिनेगर ताज्या फॅक्टरवर, उकळलेल्या पाण्यात, फिनॉल्फ्थॅलिनने त्याच तिघांनी पुन्हा केलं. 17.45, 17.50, 17.50. आम्लता 4.20 टक्के, लॉट पास. आम्ही व्हिनेगरवाल्याला फोन करून आधीचा रिपोर्ट मागे घेतला आणि मिथिल रेडने तपासलेले त्या महिन्यातले सगळे नमुने, ज्यांच्या बाटल्या शिल्लक होत्या, स्वखर्चाने पुन्हा तपासले. मिथिल रेडच्या बाटलीवर आता मोठ्या अक्षरात लिहिलंय: "अमोनियासाठी. व्हिनेगरला नाही."